रिव्ह्यूवरून अब्रुनुकसानीची नोटीस आली, तर उत्तर कसं लिहायचं

ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या एक ताई माझ्याकडे आल्या. पर्समधून स्पीड पोस्टाचं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच विचारलं, “पोलीस घरी येतील का हो?” मॉड्युलर किचन करून देणाऱ्या एका कंपनीबद्दल त्यांनी जूनमध्ये गूगलवर दोन स्टार देऊन रिव्ह्यू लिहिला होता. कंपनीच्या वकिलांनी पाच पानी नोटीस पाठवली होती. सात दिवसांत रिव्ह्यू काढा, बिनशर्त लेखी माफी मागा आणि ५० लाख रुपये भरपाई द्या, नाहीतर दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद दोन्ही करू, असं तिच्यात होतं. मुलगा म्हणत होता, आत्ताच्या आत्ता रिव्ह्यू उडव आणि फोन करून सॉरी म्हण. त्यांनी दोन्ही केलं नव्हतं, आणि त्यामुळेच पुढचं काम सोपं झालं.

मी पुण्यात वकिली करते. ताईंना विचारून, ओळख लागणार नाही इतपत तपशील बदलून, त्यांच्या उत्तराचीच गोष्ट इथे सांगते. पहिल्यांदाच अशी नोटीस हातात पडलेल्या माणसाला कशानंतर काय करायचं हे त्यातून कळेल.

पोलिसांचं उत्तर आधी देते, कारण ती भीती गेल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे कंपनीने पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली म्हणून पोलीस तुम्हाला उचलून नेऊ शकत नाहीत. कंपनीला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे खासगी फिर्याद करावी लागते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटला तुमचं म्हणणं ऐकण्याची संधी द्यावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची, दंडाची किंवा समाजसेवेची होऊ शकते, तेव्हा प्रकरण हलक्यात घेण्यासारखंही नाही.

पहिला दिवस: काही पुसू नका, काही लिहू नका

पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि तुम्हाला ते मिळाल्याची तारीख पुढे लागते. ईमेलवर नोटीस आली असेल तर ईमेल तसाच राहू द्या, नुसती पीडीएफ उतरवून मूळ ईमेल डिलीट करू नका.

मग रिव्ह्यूचे स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण मजकूर, तारीख, स्टार, वर कंपनीचं नाव आणि खाली कंपनीने उत्तर दिलं असेल तर तेही त्यात आलं पाहिजे. शक्य असेल तर संगणकावर उघडून वरचा पत्ताही दिसेल असा घ्या. नोटीसला जोडलेली प्रत कधीकधी अर्धीच असते. कंपनीला बोचलेलं वाक्य ठेवतात आणि त्याच्या आधीचं कारण कापतात. पूर्ण मजकूर तुमच्याकडे नसेल तर संदर्भ सिद्ध करणं अवघड जातं. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, पण ज्या फोनमध्ये ते आहे तो फोन विकू नका आणि रिसेटही करू नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तेव्हा मूळ फोन जवळ असला की बळ येतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नोटीसचा फोटो टाकून “बघा, आता धमकावतायत” असं लिहिल्याने. राग समजू शकते मी. पण ते नवं प्रकाशन ठरतं. त्यावर वेगळा दावा होऊ शकतो आणि त्यातले रागाच्या भरातले शब्द पहिल्या रिव्ह्यूपेक्षा हमखास वाईट असतात. कंपनीला फोनही करू नका. फोनवर घाबरून म्हटलेलं “चुकलं माझं” रेकॉर्ड झालेलं असतं.

नोटीस पेन्सिल घेऊन वाचा

वकिलाची नोटीस हा कोर्टाचा हुकूम नव्हे. तिच्यातली सात दिवसांची मुदत त्यांनी घातलेली आहे, कायद्याने नाही. तरीही मुदतीत उत्तर गेलेलं चांगलं. उत्तर न देणं म्हणजे कबुली होत नाही, पण पुढे कोर्टात “आम्ही लिहिलं तेव्हा या गप्प बसल्या” असं म्हणायला त्यांना जागा राहते. सात दिवस पुरत नसतील तर “कागद गोळा करून १५ दिवसांत सविस्तर उत्तर देत आहे” असा दोन ओळींचा ईमेल त्या वकिलांना करा.

वाचताना एकच गोष्ट शोधायची: त्यांचा आक्षेप नेमक्या कोणत्या शब्दांना आहे? चांगली नोटीस ते शब्द जसेच्या तसे देते. नुसतंच “खोटा, खोडसाळ व बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला” असं असेल, तर कोणतं वाक्य आणि ते खोटं कसं, हे विचारणं हाच उत्तराचा पहिला मुद्दा होतो.

नंतर कलमं पाहा. ताईंच्या नोटीसमध्ये भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं होती. रिव्ह्यू जून २०२५ चा, म्हणजे जुनी संहिता त्याला लागूच नव्हती. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ होतं. ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. जुना मसुदा उघडून नाव-पत्ता बदललेल्या नोटिसांमध्ये ते अजून सापडतं. याची नोंद उत्तरात एका वाक्यात घ्या, पण त्यावर पानं खर्च करू नका. चुकीचं कलम लिहिलं म्हणून दावा संपत नाही.

५० लाखांच्या आकड्याने ताईंचे हात कापत होते. नोटीसमध्ये आकडा लिहायला काही पडत नाही. तेवढ्या रकमेचा दावा लावायचा तर मात्र त्यावर कोर्ट फी भरावी लागते आणि नुकसान झाल्याचं दाखवावं लागतं. शिवाय अशा दिवाणी दाव्याला मुदत आहे ती मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाची. तेव्हा रिव्ह्यूची तारीख नोटीसच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

रिव्ह्यूचं एकेक वाक्य सोडवा

उत्तराचा जीव इथे आहे. बहुतेक लोक “मी खरं तेच लिहिलं” एवढं म्हणून थांबतात. पण रिव्ह्यू म्हणजे एक सलग विधान नसतं. त्यात पुराव्याने दाखवता येईल अशी घटना असते, तुमचं मत असतं आणि रागाच्या भरात जास्तीचंही काही गेलेलं असतं. तिघांचं उत्तर वेगवेगळं द्यावं लागतं. ताईंचा रिव्ह्यू असा होता:

“किचनचे २ लाख ४० हजार घेतले, ४५ दिवसांत देतो म्हणाले, ११२ दिवस लावले. वॉटरप्रूफ प्लायचे पैसे घेऊन साधी प्लाय लावली. तीन महिन्यांत सिंकखालचं कपाट फुगलं, तक्रार केली तर कोणी फिरकलं नाही. पैशाच्या मानाने काम अगदी सुमार. चोर आहेत सगळे, लोकांना फसवतात.”

वहीत आम्ही प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहिलं आणि शेजारी कागद ठेवत गेलो.

पहिल्या वाक्यातच अडखळलो. ताईंनी दिवस अॅडव्हान्स दिला तेव्हापासून मोजले होते. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, “अंतिम ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून ४५ दिवस”. ड्रॉइंगला त्यांनी व्हॉट्सअॅपवर होकार दिला तो १५ दिवसांनी. म्हणजे उशीर खरा होता, पण आकडा ११२ नव्हे, ९७ होता. समोरचा वकील नेमकं हेच पकडतो आणि “या बाई आकडे फुगवून लिहितात” म्हणतो. मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही सावली पडते.

प्लायचं वाक्य सगळ्यात गंभीर, कारण त्यात पैसे एका मालाचे घेऊन दुसरा माल दिल्याचा आरोप आहे. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, फुगलं की हो. फुगणं हा पुरावा पुरेसा नाही. कडेची पट्टी निघून पाणी आत गेलं असंही कंपनी म्हणेल. मग त्यांच्या ओळखीच्या सुताराला बोलावून सिंकखालच्या कपाटाची मागची फळी उतरवली. तिच्या लॅमिनेट नसलेल्या बाजूला अर्धवट पुसलेला निळसर शिक्का होता, त्यात आयएस ३०३ आणि एमआर ही अक्षरं वाचता येत होती, म्हणजे नुसती ओल सोसणारी साधी प्लाय. कोटेशनमध्ये सिंकच्या युनिटसाठी बीडब्ल्यूपी, आयएस ७१० लिहिलेलं होतं, म्हणजे वॉटरप्रूफ प्लाय. शिक्क्याचा फोटो जवळून काढला, मग तीच फळी कपाटाशेजारी धरून दुसरा फोटो काढला, म्हणजे फळी कुठली याबद्दल शंका राहू नये. तरीही पुरावा एका फळीचा होता, अख्ख्या किचनचा नव्हता. म्हणून आपलं म्हणणंही तेवढंच ठेवायचं: सिंकखालच्या कपाटाच्या मागच्या फळीवर हा शिक्का आहे, कोटेशनमध्ये ते आहे. फोटोत दिसतं त्याच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

“कोणी फिरकलं नाही” हेही तंतोतंत खरं निघालं नाही. २ मे रोजी एक मुलगा येऊन फोटो काढून गेला होता, परत आला नव्हता. ताई ते विसरल्या होत्या. कंपनीकडे त्याच्या भेटीची नोंद असणारच.

“काम अगदी सुमार” हे मत आहे. पैसे मोजलेल्या ग्राहकाचं मत कडक असू शकतं. ते खरं की खोटं हे सिद्ध करायचं नसतं, फक्त ते प्रत्यक्ष अनुभवावर उभं असावं लागतं.

राहिलं शेवटचं वाक्य. “चोर”ला पुरावा नाही, आणि “लोकांना फसवतात” म्हटलं की इतरांना फसवल्याचं तुम्हाला दाखवावं लागेल. ताईंना तो शब्द सोडायचा नव्हता. मी त्यांना १७ एप्रिल २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाबद्दल सांगितलं. मुंबईतल्या ए. सुर्ती डेव्हलपर्स या बिल्डरच्या इमारतीतल्या फ्लॅटधारकांनी आपल्या तक्रारींचा फलक लावला होता, त्यावरून अब्रुनुकसानीची फिर्याद झाली होती. कोर्टाने ती रद्द केली. त्यात फलकावरची भाषा संयत आहे आणि फसवणूक, अपहार असे शब्द कुठेही वापरलेले नाहीत, याची न्यायाधीशांनी आवर्जून नोंद घेतली. स्वतःच्या किंवा इतरांच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला कायद्यातल्या नवव्या अपवादाचं संरक्षण आहे, आणि तो अपवाद कलम ३५६ मध्येही कायम आहे. ग्राहकाच्या बाजूचा इतका जवळचा निकाल दुसरा माझ्या पाहण्यात नाही. पण तो आपल्या कामी यायचा तर आपली भाषाही तशीच हवी.

रिव्ह्यू ठेवायचा, बदलायचा की काढायचा

एखादं वाक्य खोटं निघालं किंवा त्याला पुरावाच नसेल, तर तेवढं बदला आणि बाकीचं ठेवा, असं माझं मत आहे. पूर्ण काढून टाकलात तरी जूनपासून ऑगस्टपर्यंत तो लोकांनी वाचला ही गोष्ट पुसली जात नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मिळणारी खरी माहिती मात्र जाते. बदलण्यातही धोका आहे. बदललेला मजकूर नवं प्रकाशन मानून मुदत पुन्हा मोजायचा प्रयत्न होऊ शकतो, म्हणून बदल एकदाच आणि फक्त कमी करणारा असावा. त्यात नवी तक्रार घालू नका. जुन्या आणि नव्या दोन्ही मजकुरांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. आणि रिव्ह्यूमध्ये पुराव्याने उभं न राहणारं काहीच शिल्लक नसेल, तर तो काढावा हेही मी स्पष्ट सांगते.

ताईंचा नवा मजकूर असा झाला: “२ लाख ४० हजारांचं किचन. ड्रॉइंग मंजूर झाल्यावर ४५ दिवस सांगितले होते, ९७ लागले. सिंकच्या युनिटला कोटेशनप्रमाणे आयएस ७१० प्लाय हवी होती. मागच्या फळीवर आयएस ३०३ असा शिक्का आहे. तीन महिन्यांत कपाट फुगलं. मे महिन्यात एकदा माणूस येऊन फोटो काढून गेला, दुरुस्ती आजवर नाही. पैशाच्या मानाने काम सुमार वाटलं.” वाचून त्या म्हणाल्या, हा तर जास्त लागेल त्यांना. खरंच होतं ते.

आता उत्तर

उत्तर मराठीत लिहिलं तरी चालतं, नोटीस इंग्रजीत असली तरीही. ते कंपनीला नव्हे, तिच्या वकिलांना उद्देशून लिहायचं. दोन-तीन पानांच्या पुढे जाऊ नये. सुरुवात अशी करा:

“आपण आपल्या अशिलांच्या वतीने दि. … रोजी पाठविलेली नोटीस मला दि. … रोजी मिळाली. माझे सर्व कायदेशीर हक्क अबाधित राखून तिला खालीलप्रमाणे उत्तर देत आहे.”

पुढे चार ओळींत व्यवहाराची हकिगत: कधी, कशासाठी, किती पैसे, कोणत्या पावतीने. तुम्ही खरे ग्राहक आहात हे इथेच पक्कं होतं. प्रतिस्पर्ध्याने लिहवून घेतलेला रिव्ह्यू असल्याचा आरोप असेल तर तोही इथेच पडतो.

मग नोटीसच्या परिच्छेदांना क्रमाने उत्तर. इथे नवखा माणूस सगळंच नाकारून बसतो. “नोटीसमधील संपूर्ण मजकूर मान्य व कबूल नाही” असं लिहिलं की रिव्ह्यू तुम्ही लिहिला हेही नाकारल्यासारखं होतं, आणि ते खोटं ठरतं. जे खरं आहे ते मान्य करा: “परिच्छेद ३ मधील, मी दि. … रोजी रिव्ह्यू लिहिला, एवढाच मजकूर बरोबर आहे. तो खोटा किंवा बदनामीच्या हेतूने लिहिलेला आहे हे म्हणणे मान्य व कबूल नाही.” त्यानंतर वहीतल्या ओळी उतरवा, प्रत्येक विधानाशेजारी त्याचा कागद, “सोबतचा कागद क्र. २” असा.

बदललेल्या वाक्यांबद्दल ताईंच्या उत्तरात एवढंच होतं: “मूळ रिव्ह्यूमधील दिवसांचा आकडा, तक्रारीनंतरच्या भेटीचा तपशील व शेवटचे वाक्य मी स्वतःहून दुरुस्त केले आहे. ही दुरुस्ती अचूकतेसाठी असून नोटीसमधील आरोपांची कबुली नाही.” “माफी” हा शब्द मी येऊ दिला नाही. मनाने दिलगिरी वाटत असेल तरी लेखी माफीनामा पुढे कबुली म्हणून दाखल होतो. तो द्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या तडजोडीत, कंपनीने पुढची कारवाई सोडल्याच्या बदल्यात द्यावा.

एक वाक्य काहीही झालं तरी लिहायचं नाही: “पैसे परत करा, मग रिव्ह्यू काढते.” भोळेपणाने लिहिलं जातं ते, पण खंडणीचा आरोप त्यावर उभा करता येतो. सदोष कामाची तक्रार वेगळ्या वाटेने न्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. उत्तरात “सदोष कामाबाबत दाद मागण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे” एवढं पुरे.

शेवट साधा: मागण्या मान्य नाहीत, नोटीस मागे घ्यावी. प्रतिधमकी नको. त्यांच्या व्यवसायाबद्दल नवे आरोप तर नकोतच.

सही करून स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, त्याच दिवशी वकिलांच्या ईमेलवर स्कॅन पाठवा. पोस्टाची पावती उत्तराच्या स्थळप्रतीला टाचा आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा, काही काळाने ते साइटवर दिसत नाही.

हे सगळं स्वतः लिहिता येतं. पण रिव्ह्यूमध्ये एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन आरोप असेल, किंवा पैशाच्या अफरातफरीसारखं काही लिहिलं असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका. फी परवडत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. स्त्रियांना ही मोफत मदत उत्पन्न न पाहता मिळते.

उत्तर गेल्यावर

खरी काळजी असते ती तुमच्या मागे घाईने मनाई हुकूम घेतला जाण्याची. त्यावर कॅव्हेट हा उपाय आहे. दावा जिथे लागण्याची शक्यता आहे त्या दिवाणी कोर्टात ते दाखल केलं की तुम्हाला ऐकल्याशिवाय तातडीचा हुकूम होत नाही. ते ९० दिवस टिकतं, नंतर पुन्हा करावं लागतं. ताईंसाठी आम्ही पुण्यात दोनदा केलं.

समन्स आलं तर मात्र ती नोटीस नव्हे. दिवाणी समन्सनंतर ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, आणि मॅजिस्ट्रेटकडून कलम २२३ ची नोटीस आली तर त्यावरच्या तारखेला वकिलासह हजर राहायचं. दोन्ही वेळा वहीतल्या त्या पाच ओळी आणि तेच कागद कामाला येतात.

ताईंच्या उत्तराला कंपनीच्या वकिलांकडून काही आलं नाही. डिसेंबरमध्ये कंपनीची दोन माणसं येऊन सिंकखालचं कपाट बदलून गेली. जुनी फळी ते घेऊन जात होते, ती ताईंनी ठेवून घेतली. फौजदारी फिर्यादीची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणजे जून २०२८ पर्यंत ती माळ्यावर राहील, शिक्क्याची बाजू आत करून, कापडात गुंडाळून.